आरशातली वेणी

मी जात्याच फटकळ. आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही. पण हात मात्र स्थिर, आणि त्याच हातावर मी पनवेलच्या एका फोटो स्टुडिओत नऊ वर्षं काढली. काम होतं रिटचिंगचं. कुणाच्या गालावरचा देवीचा व्रण घालव, कुणाच्या मिटलेल्या डोळ्यांवर डोळे काढ, गेलेल्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर कोट चढव. तेव्हा कॉम्प्युटर बँकेतसुद्धा धड नव्हता, मग आमच्याकडे कुठला? ब्रश, रंगाच्या बाटल्या, कापूस आणि खिडकीचा उजेड, एवढंच भांडवल.

स्टुडिओ उरण नाक्याकडच्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर. खालून न्हावा शेव्याचे कंटेनर जायचे. कंटेनर आला की टेबल थरथरायचं, म्हणून लांबून आवाज आला की मी ब्रश उचलून धरायची. आजही मोठी गाडी गेली की माझा उजवा हात आपोआप वर जातो. घरचे हसतात.

ती आली तेव्हा मालक जेवायला गेले होते. बावीस-तेविशीची मुलगी, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, ऐन उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज. आधी विचारलं, "ताई, फोटोत केस काढून मिळतात का?"

मी म्हटलं, "काढून म्हणजे? घालवायचे की घालायचे?"

"घालायचे."

तिनं पिशवीतून निगेटिव्हच्या पट्ट्या काढल्या. नवीन पनवेलला सासरच्यांनी ब्लॉक घेतला होता, त्याच्या वास्तुशांतीचे फोटो. दिराच्या मित्रानं काढलेले. मी पट्टी खिडकीशी धरली. निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात. तिच्या डोक्यावर पांढरं असं काही नव्हतंच, नुसते ठिपके ठिपके.

"टायफॉइड झाला होता का गं?"

"नाही." मग पदर आणखी पुढं ओढून म्हणाली, "सासूबाई कापतात. केस वाढले की माज वाढतो म्हणतात. वास्तुशांतीच्या चार दिवस आधी कापले. लोकांना सांगितलं, नवस होता."

हे तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि नवरा काय करतो? बांगड्या भरून बसतो?" मी विचारलं. तिनं बाही थोडी वर केली, लगेच खाली ओढली. मला दिसायचं ते दिसलं.

तिचं माहेर खाली, रत्नागिरीच्याही पलीकडे. आई नाही. वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले, एक भाऊ त्यांचं सगळं करणारा. वडिलांनी पडल्यापडल्या भावाकरवी वास्तुशांतीसाठी लेकीला जांभळी रेशमी साडी पाठवली होती. ती नणंदेनं नेसली, आणि हिला बसवलं जुन्या फिकट पिवळसर सुती साडीत. आता वडिलांचं पत्रावर पत्र येत होतं, फोटो पाठव, साडी कशी दिसते बघू दे.

"त्यांना कळता कामा नये ताई. डॉक्टर म्हणालेत, धक्का बसला तर जातील. सगळ्या फोटोंत मला वेणी हवी, लग्नात होती तशी. आणि ती साडी."

"सगळ्या?"

"एकच पाठवला तर म्हणतील बाकीचे कुठं. आणि एकात एक, दुसऱ्यात दुसरं असं नको. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून बघतील."

एक फोटो बनवणं म्हणजे काही नाही, कुणीही अर्ध्या दिवसात बनवेल. एकाच माणसाचे, एकाच दिवशीचे चौदा फोटो बनवायचे आणि चौदांत तेच केस, तीच साडी दिसली पाहिजे, हे काम म्हणजे पायात पाय अडकवून चालणं. चौदा कसे? रोलच्या छत्तीस फोटोंपैकी तिचे अठरा निघाले. त्यातल्या चारांत नणंद जांभळ्या साडीत मिरवत होती. ते चार पाठवायचे नाहीत असं ठरलं, पण साडीचा रंग आणि काठ बघायला ते माझ्या कामाचे होते.

मी तिला तेव्हाच म्हणायला हवं होतं, की अगं बाई, हे असेच पाठव. बाप गेला तर गेला, तू तरी वाचशील. पण मी म्हणाले नाही. खरं सांगायचं तर तोवर माझ्या डोक्यात काम शिरलं होतं. चौदांत वेणी एकसारखी कशी बसवायची, हेच मनात घोळत होतं.

मुंबईच्या लॅबमधून मोठ्या प्रती करून आणल्या, मॅट कागदावर, कारण त्यावर रंग चांगला मुरतो. त्या आल्या त्या दिवशी ती दवाखान्याच्या निमित्तानं आली आणि म्हणाली, कात्री द्या. मला वाटलं दोरा-बिरा कापायचाय. तिनं तिच्या अठराही निगेटिव्ह माझ्यासमोर बारीक बारीक कापून टाकल्या.

मी ओरडले, "अगं ए, वेडी झालीस का? घरी काय सांगशील?"

"हरवल्या म्हणेन. मार तर तसाही खातेच. पण हे कधी बाबांच्या हाताला लागायला नको."

कामाला बसले. पहिली गोष्ट केली ती ही, की एक फोटो एकदम पुरा करायचा नाही. पुरा करत गेलं की पहिल्या फोटोतली वेणी आणि चौदाव्यातली वेणी यांचं नातं चुलत-चुलत होऊन जातं. म्हणून आधी चौदाही फोटोंतला भांग, मग चौदांतल्या कपाळावरच्या बटा, मग चौदा वेण्या. रंगसुद्धा एकाच वाटीत, सगळ्यांना पुरेल इतका एकदाच कालवला. दुसऱ्या दिवशी नवा कालवलेला जांभळा कधी म्हणून कालच्याशी जुळत नाही. केसांना नुसता काळा घेतला तर निळसर मारतो, म्हणून त्यात तपकिरी. आणि हे सगळं दुपारी चारच्या आत. बल्बच्या उजेडात जुळलेला रंग सकाळी बघावा तर भलताच.

वेणीचं माप चेहऱ्यावरून धरलं. तिनं आणून दिलेल्या लग्नाच्या फोटोत वेणी डाव्या खांद्यावरून पुढं, चेहऱ्याच्या अडीचपट लांब. मग ती जवळ असो की लांब, बसलेली असो की उभी, अडीचपट. प्रत्येक फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून आधी तिचं खरं डोकं पेन्सिलीनं उतरवून घेतलं, कापलेल्या केसांच्या बेटांसकट, म्हणजे कुठून किती झाकायचं ते कळतं. त्यावर वेणीची रेघ. फ्लॅशमुळं माणसाची सावली मागच्या भिंतीवर पडते. डोक्यावर केस वाढवले तर सावलीलाही वाढवावे लागतात, हे नवख्याला सुचत नाही. मला सुचलं. गजरा सकाळच्या पूजेत टवटवीत काढला, पंक्तीच्या फोटोंत जरा मलूल, एक-दोन फुलं गळालेली. मालक बघून म्हणाले, "तुजा हात सोन्याचा हाय गो." मालक इथलेच, पिढ्यान् पिढ्यांचे. त्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे दुर्मीळ चीज, आणि मी फुगले.

साडी तशी सोपी गेली. फिकट साडीवर पातळ जांभळा चढवला की खालच्या चुण्या तशाच दिसतात. काठाची जर मात्र जाड रंगानं, एकेक कोयरी नणंदेच्या साडीवरून मोजून. ब्लाउजच्या बाह्या कोपराखाली ओढल्या आणि गडद केल्या. बाह्यांखाली काय गेलं ते मी बघितलं होतं. वीतभर अंतरावरून, चौदा वेळा.

रंगवलेला फोटो तिरका धरला की ब्रशचे फटकारे चमकतात. भिंगवाल्या म्हाताऱ्याला ते लगेच दिसले असते. म्हणून त्या मोठ्या प्रती स्टँडवर लावून, दोन्ही बाजूंनी दिवे मारून, कॅमेऱ्यानं त्यांचेच फोटो काढले. झाल्या नव्या निगेटिव्ह. त्यावरून पोस्टकार्ड आकाराचे फोटो छापले. आता कागद गुळगुळीत, ब्रशचा मागमूस नाही. चित्राचा फोटो झाला.

ती घ्यायला आली. टेबलावर चौदा फोटो ओळीनं मांडले. ती किती वेळ बघत राहिली. मग पदराखाली हात घालून स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. "ही किती छान आहे हो," म्हणाली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल. मागे स्टुडिओचा शिक्का होता, तो तिनं आवर्जून बघितला. पाकीट घेऊन ती पोस्टात गेली.

मी निगेटिव्ह कागदात घालून ठेवायला घेतल्या. सवयीनं एकेक उजेडावर धरली. अकरावी मी पुन्हा उजेडावर धरली. ती कुणालातरी हळदी-कुंकू देतेय, आणि तिच्या मागे लोखंडी कपाट. कपाटाला आरसा. आरशात तिचं डोकं मागून. उंदरानं कुरतडावं तसं.

अरे देवा! समोरून वेणी आणि मागून हे! मी चौदा वेळा सावली काढली, कोयऱ्या मोजल्या, आणि आरसा विसरले. कारण मी फोटोत फक्त तिच्याकडे बघत होते.

कुणी हाक मारली, मालक काय म्हणाले, काही ऐकलं नाही. जिना उतरले आणि टपाल नाक्याच्या दिशेनं पळत सुटले. चपलेचा अंगठा तुटला, दोन्ही चपला हातात घेतल्या. ती पोस्टाच्या ओट्यावर पाकिटाला डिंक लावत होती. मी पाकीट तिच्या हातातून अक्षरशः हिसकावलं.

"एक चूक राहिली. दोन दिवस थांब."

तिनं तो फोटो बघितला. आरशावर तिची नजर गेली आणि तिनं तो बोटानं झाकला. "बाबांनी हेच पहिलं बघितलं असतं," ती म्हणाली. "देवासारख्या आलात ताई."

देवासारखी! हा शब्द आजही मला फासावर चढवतो.

आरशातली वेणी काढायला मी जीव ओतला. आधी वाटलं, आरशात बाजू उलटेल. मग माझ्याच लांब केसांची वेणी घालून डाव्या खांद्यावर घेतली, आरशाला पाठ करून बसले आणि मालकांच्या बायकोला समोरून बघायला सांगितलं. त्या म्हणाल्या, बाजू तीच दिसते. मग आरशात मागचा भरगच्च केशसंभार, त्यावर गजरा, आणि वेणीचं मूळ डाव्या खांद्याकडे वळलेलं, असं सगळं काढलं. नखाएवढ्या जागेत. पुन्हा कॉपी, पुन्हा निगेटिव्ह, पुन्हा छाप. पाकीट मीच तिच्याबरोबर जाऊन पेटीत टाकलं. तिच्या सांगण्यावरून रंगवलेल्या मोठ्या प्रती, नणंदेचे ते चार फोटो, तो फसलेला फोटो आणि त्याची निगेटिव्ह, सगळं फाडून-कापून टाकलं. हुश्श केलं आणि आम्ही दोघींनी नाक्यावर उसाचा रस घेतला. ती हसली. पदर सरकू नये म्हणून एका हातानं धरून हसत होती.

नंतर ती आली नाही. मीही चौकशी केली नाही. चौदा फोटो इतके झकास जमले की गिऱ्हाइकांना सांगायची, आमच्याकडे एकसारख्या फोटोंच्या मालिकेचं काम करून मिळतं.

पाच महिन्यांनी एक माणूस जिना चढून आला. दाढी वाढलेली, हातात तेच पाकीट. फोटो पालथा करून शिक्का दाखवला. "हे तुमच्याकडचे ना? मी हिचा भाऊ."

ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडली, जागीच गेली होती. कपडे वाळत घालताना तोल गेला, सासरचे म्हणत होते. भावानं तिला बघितलं तेव्हा डोक्यावर केस नव्हते. तो म्हणाला, छळ होता. सासरचे म्हणाले, तिच्या डोक्यावर परिणाम झाला होता, आठ दिवसांपूर्वी तिनंच केस कापून घेतले, आम्ही काय करणार? शेजारीपाजारी गप्प. चौकीत त्याला विचारलं, छळ होता तर कधीपासून? काही पत्र, काही पुरावा? पत्रांत तर तिनं नेहमी सगळं छान लिहिलेलं. त्याच्याकडे होते फक्त हे चौदा फोटो. रेशमी साडीतली, गजरा माळलेली, लांबसडक वेणीची बहीण.

"यांच्या निगेटिव्ह तुमच्याकडे असतील," तो म्हणाला. "आणखी काही फोटो असतील, ज्यात काहीतरी दिसेल. एखादा डाग. काहीही."

मी त्याला बसायला स्टूल दिलं. मग त्याला सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून.

तो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "मग चला माझ्याबरोबर. हेच तिथं सांगा."

मालकांनी मला आत बोलावलं. "बघ, आपन धंदा करतो. कोर्टाच्या पायऱ्या चढायला आपल्याला जमनार नाय. तू गेलीस तर उद्या कोन येल फोटो काढायला?" मी म्हटलं, नाही आलं तर नाही आलं. आणि गेले.

चौकीतल्या साहेबांनी माझं नीट ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, "फोटोत काहीही करता येतं, मान्य. निगेटिव्ह आणा. निगेटिव्हमध्ये खरं काय ते कळेल."

निगेटिव्ह मी बरोबरच नेल्या होत्या. त्यांनी खिडकीकडे धरल्या. एक, दोन, तीन, सगळ्या. "बाई, यात तर केस आहेत."

"साहेब, ही रंगवलेल्या फोटोची निगेटिव्ह आहे. मूळ तिनं कापून टाकली."

"आणि रंगवलेला फोटो?"

"मी फाडला."

मग मी ट्रेसिंग पेपर पुढं केले. तेवढे राहिले होते. पेन्सिलीतलं तिचं खरं डोकं, बेटं बेटं. त्यांनी एक कागद उलटसुलट केला. "हे तुम्ही काढलेलं चित्र. उद्या समोरचा वकील विचारेल, बाई चित्रकार आहेत ना? मग हे खरं कशावरून, आणि निगेटिव्ह खोटी कशावरून?"

मी तिथं आरडाओरडा केला. म्हटलं, मी हिच्या हातावरचे डाग बघितलेत, चौदा वेळा बघितलेत, लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. दिराच्या ज्या मित्रानं फोटो काढले होते तो म्हणाला, निगेटिव्ह हरवल्या, मला काही आठवत नाही. सासरच्या अल्बममध्ये खरे फोटो असणारच, पण अल्बमच सापडला नाही. पुढं अपघात म्हणून कागद बंद झाला. इतकं चोख काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

त्या दिवशी चौकीतून बाहेर पडल्यावर भाऊ आणि मी एसटी स्टँडपर्यंत चालत आलो. त्याची गाडी संध्याकाळची होती. मी त्याला म्हटलं, "एक सांगायचं राहिलं." आणि आरशाचं सांगितलं. एका फोटोत चूक राहिली होती, पाकीट पेटीत पडणारच होतं, मी अनवाणी पळत जाऊन ते हिसकावलं आणि चूक सुधारली.

त्यानं पाकिटातून बरोबर तोच फोटो काढला. त्याच्या कडा बोटांनी मऊ झाल्या होत्या. आरशाच्या कोपऱ्यावर घामाचा डाग होता.

"मला तिच्या पत्रांतून काहीतरी वेगळाच वास येत होता," तो म्हणाला. "फोटो आले त्या आठवड्यात मी पिशवी भरली होती. तिला घेऊनच येतो म्हटलं. बाबांनी थांबवलं. दोन दिवस भिंग लावून सगळे फोटो बघितले आणि हा माझ्या हातात दिला. म्हणाले, वेडा आहेस. समोरचं कुणी सजवून बसवेल रे, पण हे बघ, मागं आरशातसुद्धा वेणी आहे. पोरगी सुखात आहे."

त्याची गाडी लागली होती. तो फोटो पाकिटात घालून चढला.